तीन अक्षरांच्या याद्या आणि मराठी मूल

इंग्रजी वाचावयास शिकणाऱ्या मुलाच्या हाती हल्ली प्रथम जे कागद पडतात, त्यांत तीन अक्षरांच्या शब्दांच्या याद्यांचा मान पहिला आहे. एका रकान्यात कॅट, बॅट, रॅट, मॅट. दुसऱ्यात पेन, हेन, टेन, मेन. तिसऱ्यात पिन, टिन, बिन. चौथ्यात पॉट, हॉट, कॉट. आणि पाचव्यात कट, नट, हट. आरंभी एक व्यंजन, शेवटी एक व्यंजन, मध्ये एक आखूड स्वर, आणि त्या स्वरावरून पाडलेले पाच रकाने, अशी ही मांडणी असते. या याद्यांवर आमचा मुळीच रोष नाही. इंग्रजी लेखनात जेवढा भाग सरळ व नियमित आहे, तेवढाच प्रथम मुलापुढे ठेवावा, हे तत्त्व आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. आमचा वाद आहे तो या याद्या आपल्याकडे ज्या क्रमाने व ज्या रीतीने शिकविल्या जातात त्याच्याशी. इंग्रजी ज्याच्या घरात बोलली जाते अशा मुलासाठी रचलेली वस्तू आपण जशीच्या तशी उचलली, तिच्यात आपल्या पदरचे दोन दोष घातले, आणि मूल अडखळले की दोष मुलाच्या बुद्धीला दिला. इ. स. 2000 पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी सुरू झालेली आहे. म्हणजे हा प्रश्न आता चार सधन घरांपुरता राहिलेला नाही. ज्या मुलाच्या आईबापांस इंग्रजीचे अक्षर येत नाही, त्याचीही परीक्षा सहाव्या वर्षी याच याद्यांवर होते, आणि तेथेच त्याच्यावर 'मंद' असा शिक्का बसतो.

ही मांडणी कोणासाठी झाली हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड याने 1942 साली वाचनशिक्षणावर लेख लिहून अशा नियमित शब्दांचा जोराने पुरस्कार केला. 1949 साली तो वारला, आणि त्याची पाठमाला क्लॅरेन्स बार्नहार्ट याच्या सहकार्याने तयार झालेल्या पुस्तकाच्या रूपाने 1961 साली प्रसिद्ध झाली. हा गृहस्थ पाणिनीचा मोठा चाहता होता, तेव्हा वर्णव्यवस्थेची त्याची जाण कच्ची होती असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या पुस्तकाचा आरंभ 'ए' या अक्षराच्या शब्दांनी होतो: कॅन, फॅन, मॅन, पॅन. त्याच्या दृष्टीने हे योग्यच होते. त्याच्यापुढचे मूल 'मॅन' हा शब्द दोन-तीन वर्षे बोलत आलेले असते. 'मॅन' आणि 'मेन' यांतील भेद त्याच्या कानात पक्का असतो. आपण रोज बोलतो तो शब्द कागदावर कसा दिसतो, एवढेच त्याला शिकावयाचे असते. आमच्या मुलापुढे मात्र चिन्ह नवे, शब्द नवा आणि पुष्कळदा स्वरही नवा, अशी तीन ओझी एकदम येतात. यादी तीच असली तरी काम तिप्पट झाले, ही साधी गोष्ट आमचे यादीकार विसरतात.

यावरून आमचा पहिला आक्षेप निघतो, आणि तो क्रमाविषयी आहे. 'ए, ई, आय, ओ, यू' हा क्रम वर्णमालेचा आहे. तो सोपेपणाचा क्रम नव्हे. मराठी कानाला या पाचांतील सर्वांत परका स्वर कोणता म्हणाल, तर पहिल्याच रकान्यातला 'ॲ'. आमच्या जुन्या लेखकांनी 'ब्यांक', 'म्यानेजर' असे लिहिले ते काही हौसेने नव्हे. तो स्वर लिहावयास आपल्या वर्णमालेत घरच नव्हते. 'ॲ' आणि 'ऑ' या दोघांना मराठी वर्णमालेत शासनमान्य जागा मिळाली ती 2009 साली. जो स्वर मोठ्यांच्या वर्णमालेत इतक्या उशिरा आला, तो सहा वर्षांच्या मुलाने पहिल्याच दिवशी उचलावा अशी अपेक्षा आपण करतो. परिणाम ठरलेलाच आहे. मूल 'बॅट' आणि 'बेट', 'पॅन' आणि 'पेन', 'मॅन' आणि 'मेन' एकाच तोंडाने म्हणते, आणि लिहिताना 'ए' की 'ई' याचा सरळ जुगार खेळते. पदवीच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडीही हा घोटाळा आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहो.

मराठी मुलासाठी आरंभ 'आय'च्या रकान्यापासून व्हावा असे आमचे स्पष्ट मत आहे. पिन, टिन, बिग, सिट यांतला स्वर आपल्या 'इ'च्या अगदी जवळचा आहे, आणि रोमन लिपीत आपली नावे लिहितानाही तेच अक्षर तोच उच्चार दाखविते. कान, जीभ आणि डोळा या तिघांचे येथे एकमत आहे. त्यानंतर 'ई'चा रकाना घ्यावा. पेन, बेड, नेट हे शब्द मराठी घरात वावरतातच. 'ए' थोडा आखूड म्हणावा, एवढीच सूचना पुरे. तिसरा रकाना 'यू'चा. येथे एक मौज आहे. बस, कप, कट, नट, मग, जग हे इंग्रजी शब्द आमच्या मुलाला ऐकावयास मुळीच परके नाहीत. नाटकातला नट, 'मग काय झाले' मधले मग आणि भोवतालचे जग हे त्याच्या मुखी आहेतच. अर्थ निराळा, पण ध्वनी जवळजवळ तोच. येथे सावधगिरी बाळगावी लागते ती डोळ्यासंबंधाने. कारण 'उमा' किंवा 'सुमन' ही नावे रोमन लिपीत लिहिताना तेच 'यू' अक्षर 'उ' म्हणून वापरले जाते, आणि मूल 'कप'ला 'कुप' म्हणून मोकळे होते. ही चूक आळसाची नसून तर्काची आहे, हे ओळखून तिला एकदाच शांतपणे उत्तर द्यावे. त्यानंतर 'ओ', आणि सर्वांत शेवटी 'ए'. तोपर्यंत मुलाला तीन ध्वनी जोडण्याची कला आलेली असते, आणि उरलेले सर्व लक्ष त्या एका परक्या स्वराला देता येते.

दुसरा आक्षेप घोकंपट्टीविषयी आहे. 'सी-ए-टी कॅट, पी-ई-एन पेन' असा घोष आळीआळीतून ऐकू येतो. या घोषात मूल अक्षरांची नावे म्हणत असते, त्यांचे ध्वनी नव्हेत. आणि इंग्रजी स्वराक्षरांची नावे मराठी मुलाशी दुहेरी कपट करतात. ज्या अक्षराचे नाव 'ए', ते या याद्यांत 'ॲ' बोलते. ज्याचे नाव 'ई', ते 'ए' बोलते. आणि ज्याचे नाव 'आय', ते 'इ' बोलते. म्हणजे 'ए' हा ध्वनी ऐकून मुलाने 'ए' नावाचे अक्षर काढले तर ते चुकले! बाराखडीत ज्याने 'ए'ला 'ए' म्हणावयाचे असा सचोटीचा व्यवहार पाहिला आहे, त्याला हा प्रकार लबाडीचाच वाटणार. 'सी', 'ए' आणि 'टी' ही नावे कितीही वेळा जोडली तरी त्यांतून 'कॅट' निघत नाही. तो शब्द मुलाला गुरुजींच्या तोंडून ऐकून पाठ करावा लागतो, आणि पाठ केलेल्या शब्दाला वाचन म्हणत नाहीत.

येथे प्रतिपक्षी म्हणेल की, खुद्द ब्लूमफील्डही मुलाकडून अक्षरांची नावेच म्हणवून घेत असे. खरे आहे. पण त्याच्या मुलापाशी शब्द आधीच होता; नावाचा उपयोग अक्षराकडे बोट दाखविण्यापुरताच होता. आमच्या मुलापाशी शब्द नाही, म्हणून त्याला ध्वनीच दिला पाहिजे. आणि ध्वनी देतानाही एक पथ्य आहे. 'ब'चा ध्वनी म्हणून पूर्ण 'ब' दिला तर त्यात 'अ' दडलेला असतो, आणि 'बॲट' असे काही विचित्र निघते. पाय मोडलेला 'ब्' म्हणजे काय हे मराठी आईला सांगावे लागत नाही; तोच येथे हवा.

दुसऱ्या आक्षेपाचाच धाकटा भाऊ म्हणजे इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार छापण्याची चाल. दोन लिप्या शेजारी दिसल्या की डोळा ओळखीच्या लिपीकडे धावतो; हा मनुष्यस्वभाव आहे, मुलाचा अपराध नव्हे. मूल खालची ओळ वाचते आणि पालक समाधान पावतात की, इंग्रजी वाचता आले. शिवाय ती खालची ओळ पुरती खरीही नसते. ओला या अर्थाचा 'वेट' आणि गुरांचा डॉक्टर या अर्थाचा 'वेट' यांची पहिली अक्षरे इंग्रजीत निराळी व ध्वनीही निराळे. देवनागरीत दोन्ही एकच. आम्ही या लेखात शब्द देवनागरीत लिहीत आहो ते वाचकांस त्यांची मूळ अक्षरे ठाऊक आहेत म्हणून. मुलाच्या कागदावर मात्र केवळ रोमन अक्षरे असावीत आणि उच्चार शिकविणाराच्या तोंडी असावा.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो रकान्याच्या यमकाविषयी आहे. कॅट, बॅट, रॅट, मॅट असा रकाना घ्या. पहिला शब्द कळला की पुढल्या शब्दांत मूल फक्त पहिले अक्षर पाहते आणि बाकीची शेपटी आपोआप लावते. ज्या स्वराच्या नावाने रकाना उभारला, त्या स्वराकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. रकाना धडाधड म्हटला जातो, शाबासकी मिळते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलाच 'मॅट' एकटा समोर आला की मूल गप्प राहते. हा रोग ओळखण्याचा उपाय सोपा आहे: रकाना खालून वर वाचावयास सांगावा, किंवा दोन रकान्यांतले शब्द मिसळून द्यावेत. तेथे गाडी अडली तर समजावे की, मूल वाचत नव्हते, गात होते.

यमकाची ही मांडणी इंग्रजी मुलाला काही अंशी मानवते, कारण त्याच्या बालगीतांनी त्याचा कान शब्दाच्या शेपटीवर तयार केलेला असतो. आमच्या मुलाचा कान मात्र बाराखडीने तयार केलेला आहे, आणि बाराखडी शब्दाचे डोके धरते. 'बा, बि, बी, बु' म्हणणाऱ्या मुलाला व्यंजनाशी स्वर जोडण्याची कला अवगत असते. शिवाय 'घर', 'नळ', 'वर' असे शब्द वाचताना शेवटचे व्यंजन पाय मोडल्यासारखे उच्चारावे, हेही त्याला न शिकविता येते. म्हणजे तीन ध्वनींचा शब्द वाचण्याची सारी सामग्री त्याच्यापाशी आहे. तिचा उपयोग करण्याऐवजी आपण ती दाराबाहेर ठेवून येतो. आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक व्यंजनाची पाच घरांची इंग्रजी बाराखडी करावी: बि, बे, ब, बॉ, बॅ. मग प्रत्येक घराला एकच शेवट लावावा: बिग, बेग, बग, बॉग, बॅग. हे पाचही खरे इंग्रजी शब्द आहेत, आणि त्यांत मधल्या अक्षरावाचून दुसरे काहीच बदलत नाही. येथे स्वराकडे न पाहता वाचणे अशक्यच आहे.

तथापि बाराखडी जेथे मदत करते तेथेच एक खड्डाही ठेवते. आपल्या लिपीत 'अ' हा स्वर दिसत नाही. 'बस' लिहिण्यास दोनच अक्षरे पुरतात. म्हणून मूल इंग्रजीत 'बस' लिहिताना 'बी' आणि 'एस' एवढीच अक्षरे लिहून मोकळे होते, आणि 'कप'मधले 'यू' गाळते. तसेच आपली वेलांटी व्यंजनाच्या मागे, मात्रा डोक्यावर आणि उकार पायाशी. इंग्रजीत मात्र स्वर नेहमी आपल्या स्वतंत्र घरात, रांगेत मध्ये उभा असतो. यासाठी तीन चौकोन आखून मधल्या चौकोनात स्वर लिहिल्याखेरीज शब्द पुरा होत नाही, असा नियम काही दिवस पाळावा. मधला चौकोन रिकामा राहिला की मूल स्वतःच थबकते.

आता रीत प्रत्यक्ष कशी चालते ते दाखवितो. मुलाने 'आय', 'ई' व 'यू' यांचे आठ-आठ, दहा-दहा शब्द वाचले आणि 'ओ'ची ओळख झाली, की रकाने बाजूस ठेवावेत आणि अक्षरांच्या चिठ्ठ्या घेऊन साखळी चालवावी. 'पिन' मांडावा. पहिली चिठ्ठी बदलून 'बिन'. शेवटची बदलून 'बिग'. मधली बदलून 'बेग', पुन्हा मधली बदलून 'बग'. शेवटची बदलून 'बट', मधली बदलून 'बेट'. पहिली बदलून 'पेट', मधली बदलून 'पॉट', पहिली बदलून 'कॉट', मधली बदलून 'कट'. दर खेपेस एकच चिठ्ठी बदलते, पण कोणती बदलेल हे मुलाला आधी ठाऊक नसते. म्हणून त्याला तिन्ही जागांवर नजर ठेवावी लागते. दहा मिनिटांत अकरा शब्द होतात, आणि त्या अकरांत यमकाच्या जोरावर सुटणारे फारच थोडे असतात. पुढे 'ॲ'ची पाळी आली की याच साखळीला 'कॅट' जोडावा आणि तेथून 'बॅट-बेट', 'पॅन-पेन', 'मॅन-मेन' या जोड्या घ्याव्यात. आधी त्या केवळ कानाने घ्याव्यात: आपण म्हणावे आणि मुलाने दोहोंपैकी चिठ्ठी उचलावी. ज्याचा कान भेद ऐकत नाही, त्याच्या डोळ्याला दोष देणे व्यर्थ आहे. अखेरीस टिब, मेप, लब असे अर्थहीन शब्द द्यावेत. ते कोणी पाठ केलेले असूच शकत नाहीत. वाचता आले तर कला खरी. इंग्लंडात 2012 पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांची जी वाचनचाचणी सर्वत्र घेतली जाते, तिच्या चाळीस शब्दांपैकी वीस शब्द याच कारणाने मुद्दाम बनावट घातलेले असतात.

यादी निवडताना आणखी एक पारख करावी. अनेक छापील याद्यांत तीन अक्षरे दिसली की शब्द कोंबलेला असतो: कार, हर, काऊ, डे, सॉ, पुट, आणि मुलगा या अर्थाचा 'सन'. अक्षरे तीन खरी, पण मधला स्वर रकान्यातल्या इतर भावंडांसारखा बोलत नाही. 'कट, नट, हट' यांच्या मांडीला मांडी लावून 'पुट' बसविणारा यादीकार मुलाला एका हाताने नियम देतो आणि दुसऱ्या हाताने तो काढून घेतो. संपूर्ण रकाना मोठ्याने वाचावा. एकही शब्द बेसूर लागला तर तो काट मारून काढून टाकावा.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप हमखास येतात. कित्येक म्हणतात की, आम्ही नाही का 'सी-ए-टी कॅट' करूनच शिकलो? शिकलात हे खरे. पण त्या वर्गात तुमच्या शेजारी बसलेले जे शिकले नाहीत, ते आज मासिकांत पत्रे लिहावयास येत नाहीत. जे तरले त्यांना विचारून नदीची खोली ठरवू नये. दुसरे म्हणतात की, इंग्रजी लेखनाला नियमच नाही, तेव्हा ध्वनी शिकवून काय उपयोग. सरळ शब्दच ओळखावयास शिकवा. नियमाला अपवाद पुष्कळ आहेत, हे कबूल. पण अपवाद अपवाद म्हणून ओळखता यावयास आधी नियम हाती असावा लागतो. ज्याला 'कट' व 'नट' वाचता येतात, त्यालाच 'पुट'चा वेडेपणा दिसतो. ज्याला काहीच वाचता येत नाही, त्याला भाषेतला प्रत्येक शब्द सारखाच वेडा.

अक्षरांची नावे केव्हा शिकवावीत, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण नावांशी आमचे कायमचे वैर नाही. या याद्या संपल्या की शेवटी मुका 'ई' लागणारे शब्द येतात: 'पिन'चा 'पाइन' होतो, 'कॅप'चा 'केप' होतो. येथे मधले अक्षर प्रथमच आपले स्वतःचे नाव बोलते. नावांची खरी गरज त्या दिवशी लागते. त्या दिवशी ती शिकविली तर मुलाला त्यांत गंमत वाटते, आणि त्याआधी शिकविली तर अडथळा. तीन अक्षरांच्या याद्यांची हद्द येथेच संपते. त्यांनी इंग्रजी भाषा येत नाही, शब्दांचा अर्थ येत नाही. फक्त छापलेल्या खुणेतून ध्वनी काढण्याची पहिली पायरी चढता येते. ती पायरी आपण वाकडी बांधून ठेवली आहे, आणि तिच्यावरून घसरणारांची यादी मात्र दरवर्षी न चुकता वर्गाच्या भिंतीवर लावतो. आमचे शिक्षकांना व पालकांना एवढेच सांगणे आहे की, ही दुसरी यादी लावण्यापूर्वी पहिली एकदा तपासून पाहावी.